पोहून दुखणारा कान आणि पोहोचत नसलेले थेंब

प्रश्न: मुलगी रोज पोहायला जाते. चार दिवस थेंब घालूनही तिचा कान दुखतोच आहे. काय चुकत असेल?

उत्तर: थेंब बहुधा आतल्या त्वचेपर्यंत पोहोचत नसावेत. कानाच्या नळीत पांढरट, ओली घाण साचली किंवा नळी सुजली, की औषध तोंडाशीच अडते आणि बाहेर ओघळते. कानासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ येत असेल, तर दुखणे बाहेरच्या नळीचे असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी कान-नाक-घसातज्ज्ञ सक्शनने नळी साफ करतात आणि सूज फार असल्यास स्पंजची बारीक वात बसवतात, जी थेंब शोषून आत नेते. घरी मात्र बड किंवा पिन मुळीच घालू नये, कारण त्याने त्वचा सोलवटते आणि घाण आणखी आत ढकलली जाते.

थेंबांची बाटली मुठीत धरून कोमट करावी, मुलीला कुशीवर निजवून थेंब सोडावेत, तोच उंचवटा हलकेच दाबत राहावे आणि तिला तीन ते पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवून नंतर काढून टाकावा. पोहणे निदान आठवडा-दहा दिवस बंद ठेवावे, कारण ओलाव्याने मऊ पडलेल्या त्वचेत जंतू पुन्हा वाढतात.

योग्य उपचाराने दोन-तीन दिवसांत वेदना उतरू लागते. आपल्याकडे चार दिवस झाले आहेत, म्हणून तपासणी आता लांबवू नये. पडद्याला छिद्र असल्यास काही थेंब श्रवणशक्तीला अपायकारक ठरतात, तेव्हा परस्पर औषधही बदलू नये. ताप आला किंवा कानामागे सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.