पीएचडीसाठी सरांचं शिफारसपत्र

प्रश्न: आमचं कॉलेज तालुक्याचं, क्वांटमची लॅब नाही. सर पत्रात लिहितील काय?

लॅब नसली तरी चालते, फक्त 'हुशार, मेहनती' एवढ्यावर पत्र संपू नये, सरांनी स्वतः पाहिलेलं तुमचं एक काम त्यात यावं. आमच्या यवतमाळकडल्या एका पोरीसाठी सरांनी लिहिलं की तिनं लॅपटॉपवर सिम्युलेटरमधी ३ क्युबिटवर ग्रोव्हरचा शोध अल्गोरिदम चालवला, ८ पैकी बरोबर उत्तर दुसऱ्या फेरीनंतर साधारण ९४ टक्के वेळा आलं अन् तिसरीनंतर ३३ वर घसरलं, तर कोड चुकला म्हणून सोडून न देता तिनं फळ्यावर कोन काढून दाखवला की जास्त फिरवलं की स्टेट उत्तराच्या पुढं निघून जाते. ती विचार कसा करते हे निवडणाऱ्याला यातूनच दिसते. तुमच्या अशा कामाचा रिपोर्ट सरांना पत्र लिहायच्या आधीच नेऊन द्या.