बुटाच्या ठशावरून उंची किती ठरवता येते?

प्रश्न : घरामागच्या ओल्या मातीत बुटाचा २९ सेंमी लांबीचा ठसा सापडला. त्यावरून माणसाची उंची काढता येईल का? पावलाच्या लांबीला ०.१५ ने भागायचं असं ऐकलंय.

येईल, पण २९ ला भागू नका. तो बुटाच्या सोलचा ठसा आहे, पावलाचा नाही. बोटांपुढे मोकळी जागा असते, शिवाय सोल कडेने बाहेर आलेला असतो. त्यामुळे पाऊल ठशापेक्षा साधारण दोन-तीन सेंटीमीटरने लहान असतं. स्पोर्ट्स शूजमध्ये हा फरक वाढतो, टोकदार बुटांत तर फारच. म्हणजे तुमच्या ठशातलं पाऊल २६ ते २७ सेंमी. मधला आकडा २६.५ घेऊ.

०.१५ ने भागलं की १७७ सेंमी येतात. पाऊल उंचीच्या सुमारे १५ टक्के असतं हे सरासरीपुरतं खरं आहे, पण खरी गोम इथेच आहे. या भागाकारात पाऊल एक सेंटीमीटरने वाढलं की उंची जवळजवळ पावणेसात सेंटीमीटरने वाढते. प्रत्यक्षात माणसं मोजली की ती वाढ साडेतीन-चार सेंटीमीटरच निघते, कारण मोठ्या पावलांची बरीच माणसं मध्यम उंचीची असतात. म्हणून साधा भागाकार मोठ्या पावलाच्या माणसाला उंच ठरवतो आणि लहान पावलाच्या माणसाला बुटकं. न्यायवैद्यक शास्त्रात त्याऐवजी त्या त्या लोकसमूहाच्या मोजमापांवरून काढलेलं समीकरण वापरतात, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं.

समजा, एखाद्या गटातल्या पुरुषांचं सरासरी पाऊल २५ सेंमी आणि उंची १६६ सेंमी आहे. तुमचं पाऊल त्याहून दीड सेंटीमीटर मोठं, म्हणजे उंचीत साडेपाच-सहा सेंटीमीटरची भर. उत्तर १७२ च्या आसपास येतं. त्यातही आठ-नऊ सेंटीमीटर इकडेतिकडे धरावेच लागतात, आणि बुटाचा अंदाज चुकला तर आणखी. थोडक्यात, साडेपाच फुटांच्या जरा खालपासून जवळपास सहा फुटांपर्यंत कुणीही. आपल्याकडचे निम्म्याहून जास्त पुरुष यात बसतील!

हे सगळं प्रौढांसाठी. वयात येणाऱ्या मुलांचं पाऊल उंचीच्या आधी वाढून पूर्ण होतं, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाचा ठसा उंच माणसाचा वाटू शकतो.

आता ठसा नीट मोजलाय का ते बघा. ओल्या मातीत पाय घसरला की ठसा लांबतो. टाचेमागे माती ओढल्याची रेघ किंवा पुसट झालेली नक्षी दिसली तर तो ठसा सोडा. पळताना टाच टेकतेच असं नाही, मग ठसा आखूड येतो. एकाच बुटाचे दोन-तीन ठसे मोजून बघा, जुळत नसतील तर लांबीवर विसंबू नका. फोटो काढताना शेजारी, ठशाच्या तळाच्या पातळीवर, मोजपट्टी ठेवा आणि कॅमेरा अगदी सरळ वरून धरा, तिरक्या फोटोत लांबी बदलते.

चोरीबिरीचा संशय असेल तर ठशावर पालथं घमेलं ठेवून पोलिसांना कळवा. सोलची नक्षी, झीज आणि चिरा यांवरून तो ठसा विशिष्ट बुटाशी जुळवता येतो, आणि तपासात उंचीच्या अंदाजापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.