रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डावर नवे गेम

प्रश्न: माझ्या ग्राफिक्स कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग नाही. नवे गेम बऱ्यापैकी सेटिंगवर चालतील, की कार्ड बदलावेच लागेल?

बहुतेक चालतील. बऱ्याच नव्या गेममध्ये रे ट्रेसिंग ही वेगळी निवड असते आणि ती बंद ठेवली की प्रकाश आणि सावल्या जुन्याच पद्धतीने काढल्या जातात. अशा वेळी कार्ड अपुरे पडते ते मुख्यतः त्याच्या वेगामुळे किंवा मेमरीमुळे, आणि या दोहोंपैकी नेमके काय कमी पडते आहे हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

मी स्वतः ६ जीबीचे जीटीएक्स १६६० सुपर वापरतो. सायबरपंक २०७७ मध्ये १०८० पिक्सेलवर सगळे High ठेवले तेव्हा फ्रेम रेट ४५ च्या आसपास राहिला. मग मी फक्त Screen Space Reflections Quality हे Low वर आणि धुके व ढगांच्या सेटिंग Medium वर आणल्या, टेक्स्चर High वरच ठेवले आणि एफएसआर Quality वर सुरू केले. त्यानंतर तो ६० च्या जवळ गेला. या मोडमध्ये चित्र आत १२८० × ७२० मध्ये तयार होऊन मग मोठे केले जाते, त्यामुळे दूरच्या तारा आणि जाळ्या किंचित थरथरतात, पण गाडी चालवताना ते मला जाणवतही नाही. चित्र असेच मोठे करणाऱ्या डीएलएससाठी मात्र हार्डवेअर रे ट्रेसिंग असलेले आरटीएक्स कार्डच लागते.

एरवी फ्रेम रेट चांगला असूनही वळताना किंवा नव्या भागात शिरताना झटके बसत असतील, भिंतींवरचे तपशील उशिरा उमटत असतील, तर टास्क मॅनेजरमध्ये Dedicated GPU memory पाहावी. ती काठोकाठ भरून Shared GPU memory वाढत असेल, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणावे. सावल्या कमी करून तिथे फारसा फरक पडणार नाही. मेमरी मोकळी असून कार्डाचा वापर सतत ९९ टक्के दिसत असेल, तर उलट करावे, म्हणजे टेक्स्चर तसेच ठेवून सावल्या, धुके आणि प्रतिबिंबे कमी करावीत.

जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी आवृत्तीपासून पुढच्या जीटीएक्स कार्डांवर २०१९ पासून ड्रायव्हरमुळे काही गेममध्ये रे ट्रेसिंगची निवड दिसते. ती सुरू करू नये, कारण मग किरणांचे सगळे गणित चित्र रंगवणाऱ्या त्याच शेडर कोरांवर पडते आणि वेग कोसळतो.

खरी अडचण आहे ती रे ट्रेसिंगशिवाय प्रकाशाची दुसरी सोयच नसलेल्या गेमची. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम: द डार्क एजेस' (२०२५) यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग अनिवार्य आहे, तिथे सेटिंग कितीही उतरवून उपयोग नाही. 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'मध्ये (२०२५) मात्र जुन्या कार्डांसाठी हेच काम सॉफ्टवेअरने करण्याची सोय दिलेली आहे. म्हणून गेम घेण्यापूर्वी किमान गरजांमध्ये जीटीएक्स कार्डाचे नाव आहे का ते पाहावे. तिथे केवळ आरटीएक्स कार्डे असतील, तर तो गेम आपल्या कार्डासाठी नाही असे धरून चालावे.