मेलच्या लिंकने लॉगिन ठेवतोयस? आधी हे बघ

होमस्टेच्या साइटवर पासवर्ड नको, मेलवर लिंक पाठवून लॉगिन ठेवायचं म्हणतोस, तर ठेव. वर्षातून एकदा येणारा पाहुणा पासवर्ड विसरणारच, आणि तुझ्याकडे साठवलेलेच नसले तर ते चोरीलाही जाणार नाहीत. फक्त म्हापशात बसून मी केलेली चूक करू नकोस.

माझी लिंक उघडताक्षणी लॉगिन व्हायचं आणि ती बाद व्हायची. पणजीतल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "पहिल्याच क्लिकला ‘लिंक आधीच वापरली आहे’ असं येतं." लॉग बघितला तर मेल पोचल्यावर ३ सेकंदांत लिंकवर GET आलेला, तोही भलत्याच आयपीवरून. माणूस एवढा चपळ नसतो! त्यांच्या ऑफिसच्या मेलचा सुरक्षा स्कॅनर प्रत्येक लिंक आधी उघडून तपासत होता, आणि त्यातच लिंकमधलं एकदाच चालणारं टोकन खर्ची पडत होतं.

म्हणून GET ला फक्त ‘आत या’ बटणाचं पान दाखव. टोकन बाद कर ते बटण दाबल्यावर येणाऱ्या POST ला. मुदत १५ मिनिटं ठेव. मेल कधीकधी रेंगाळतो, ५ मिनिटं कमी पडतात.

बाकी, मेलबॉक्स ज्याच्या हातात त्याच्या हातात खातं. पासवर्ड असता तरी ‘विसरलात?’ची लिंक तिथेच गेली असती, त्यामुळे पाहुण्यांसाठी मी फार चिंता करत नाही. तुझ्या अ‍ॅडमिन खात्याचं मात्र वेगळं आहे. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर मेल दिवसभर उघडा असतो ना? त्या खात्याला लिंकसोबत ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोडही लाव.