फोटोवरून नकली कुकर ओळखणे

प्रश्न: प्रेशर कुकरचे फक्त फोटो मिळाले आहेत. तो नकली आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर: तळाचा फोटो तिरप्या उजेडात काढून मागवावा, कारण तळावरचा कंपनीचा ठसा दाबून उमटवलेला असेल तर अक्षरांच्या कडेला सावली पडते; मग तो ठसा त्याच मॉडेलच्या अधिकृत फोटोशी ताडून पाहावी. गॅस्केटवरील नावावर फार विसंबू नये, ते सुटे बदलता येते.

खरी परीक्षा सेफ्टी व्हॉल्व्हची. अनेक कुकरांत त्याच्या मध्यभागी सहज वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. तिथे पुन्हा डाग दिल्याची ओबडधोबड खूण दिसली, तर तो कुकर घेऊच नये. मिश्रधातू वेळेवर वितळेल की नाही, हे मात्र फोटोत दिसत नाही. म्हणून बाकी सारे जुळले तरी त्या मॉडेलचा नवा, अस्सल व्हॉल्व्ह बसवूनच कुकर वापरावा.