मार्च संपायच्या आत मशीन घ्यावी का, आणि वर्ष कुठून मोजावं?

"नमस्कार सर. हिंगणा रोडला दोघा भावांची भागीदारी फर्म आहे, कूलर बनवतो. उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास, नफा साधारण 10 लाख. बेंडिंग सध्या बाहेरून करून घेतो, त्यासाठी 6 लाखांची मशीन पाहिली आहे, जीएसटी वेगळा. सगळे म्हणून राहिले की 31 मार्चच्या आत घे, टॅक्स वाचते. पैसे आहेत पण ते सीझनच्या मालाचे आहेत, ते मशीनमध्ये टाकले तर पत्रा आणि मोटर उधारीवर उचलाव्या लागतील, दीड टक्का महिना पडते. मुलगी म्हणते हिशोब जानेवारी ते डिसेंबर ठेवा, आपला सीझन एकाच वर्षात बसतो. काय करू?"

भाऊ, आधी मुलीचं घेतो, कारण तिचा प्रश्न जास्त हुशारीचा आहे आणि मशीनचं उत्तर त्यातूनच निघते.

प्राप्तिकरासाठी वर्ष निवडायची सोय आता नाही. पूर्वी होती. इतवारीतल्या जुन्या पेढ्या दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवत, लक्ष्मीपूजनाला नवीन वही उघडत आणि तेच वर्ष प्राप्तिकरालाही चालत असे, कोणी जानेवारी-डिसेंबरही ठेवत. 1989 पासून ते बंद झालं, सगळ्यांना 31 मार्चच. वहीपूजन आजही दिवाळीलाच होते, टॅक्सवाल्यांना मात्र त्याचं काही नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवीन प्राप्तिकर कायदा लागू, त्यात आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष असा घोळ काढून एकच 'कर वर्ष' केलं आहे, पण बारा महिने तेच, एप्रिल ते मार्च. जीएसटीचं वर्षही तेच. म्हणजे रिटर्नसाठी कॅलेंडर वर्षाचा विषय संपला.

पण धंदा समजून घ्यायला तुम्ही वर्ष कुठेही कापू शकता, आणि तुमच्या धंद्यात एप्रिल-मार्च खरंच वाईट ठिकाणी कापते. तुमचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी उघडते, एप्रिल-मेमध्ये गल्ला भरते, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की संपते. 31 मार्च बरोबर त्याच्या छातीवर येते. एका आर्थिक वर्षात मागच्या उन्हाळ्याचं धड आणि पुढच्या उन्हाळ्याचं डोकं एकत्र. मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट झाली आणि मालाला उठाव नसला तर ते नुकसान मागच्या चांगल्या मे महिन्याच्या नफ्यात लपून जाते, मग ताळेबंद बघून तुम्हाला वाटते बरं चाललंय.

मुलीला हेच दिसलं असणार. तरी 31 डिसेंबर पण बरोबर जागा नाही. तेव्हा तुमच्याकडे नोव्हेंबरपासून भरलेला पत्रा पडून असते, निम्म्या बॉडी वाकवलेल्या, निम्म्या रंगाला, पंप-मोटर खोक्यात, खसच्या ताट्या पोत्यात. अर्धवट मालाची किंमत काढणं म्हणजे अंदाजपंचे, आणि तिथे दोन लाख इकडेतिकडे झाले की नफा पण दोन लाख इकडेतिकडे. वर्ष तिथे कापावं जिथे गोडाऊन रिकामं असते. तुमच्यासाठी ते 30 जून. माल विकला, जो उरला तो एका दुपारी मोजून होते, वसुलीपण बरीचशी आलेली. म्हणून मुलीला सांगा, घरचं शीट जुलै ते जून ठेव.

गंमत अशी की त्यासाठी तिमाह्या मोडाव्या लागत नाहीत. एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च हे चार ठोकळे कॅलेंडर वर्षात, आर्थिक वर्षात आणि तुमच्या सीझनच्या वर्षात तेच राहतात, फक्त पहिला नंबर कोणाला द्यायचा तेवढं बदलते. आणि घोळ नेमका तिथेच होते. जानेवारी-मार्च ही मुलीची पहिली तिमाही, सीएची चौथी आणि तुमच्या जुलै-जूनमध्ये तिसरी. माझ्या हातून एकदा एका क्लायंटचं शीट 'क्यू 1' लिहून बँकेत गेलं होतं, त्यांनी एप्रिल-जून समजून वाचलं आणि लिमिट वाढवायची फाईल तीन आठवडे अडकली. तेव्हापासून मी नंबर लिहीतच नाही, महिन्यांची नावं लिहितो.

आता मशीन. टॅक्स वाचते म्हणतात ते खोटं नाही, पण किती ते कोणी सांगत नाही. मशीनवर घसारा वर्षाला 15 टक्के, आणि माल बनवणाऱ्याला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी जादा 20 टक्के, पण त्या आर्थिक वर्षात ती 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर दोन्ही अर्धेच, म्हणजे साडेसतरा. मार्चमध्ये घेतली तर यंदाचा घसारा 1,05,000. फर्मला 30 टक्के आणि त्यावर सेस धरून 31.2 टक्के कर लागते, म्हणजे वाचले 32,760 रुपये. 6 लाख टाकून पावणेतेहतीस हजार. आणि तेही मशीन 31 मार्चच्या आत वापरात आली तर, नुसतं बिल फाडून ती खोक्यात उभी ठेवली तर तो घसाराही धरता येत नाही.

त्यासमोर तुमची उधारी ठेवा. 6 लाख आणि 18 टक्के जीएसटी धरून 7,08,000 अडकतील. दीड टक्क्यानं महिन्याला 10,620, मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत अडीच महिने धरले तर 26,550. 32,760 वाचवायला साडेसव्वीस हजार, हाती उरले सहा हजारांच्या आसपास. जीएसटीचे 1,08,000 क्रेडिट म्हणून सीझनच्या विक्रीतून लवकर वळते होतील, तिथे थोडं व्याज वाचेल, पण हिशोब फिरण्याइतकं नाही. आणि मशीन या सीझनला कामाला तरी येते का? बॉडी तर जानेवारी-फेब्रुवारीतच वाकवून झाल्या असतील, मार्चनंतर राहते ते फिटिंग. म्हणजे बाहेरच्या बेंडिंगचे पैसेही यंदा वाचत नाहीत, वर भर गर्दीत मशीन बसवायला कारागीर दोन दिवस अडकणार.

एक गोष्ट सीएला विचारून घ्या, तुमचं रिटर्न अंदाजित उत्पन्नाच्या स्कीममध्ये तर नाही ना, जिथे उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा धरतात. तिथे घसारा त्या टक्केवारीत आधीच धरलेला मानतात, मग मार्च काय न एप्रिल काय, मशीननं एक रुपया कर कमी होत नाही. आणि हे वाचणारा कोणी एकट्याच्या नावानं धंदा करत असेल, नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल, तर त्याला कर तसाही शून्य येते, वाचवायचं काय मग?

माझं मत, मशीन सप्टेंबरमध्ये घ्या. 3 ऑक्टोबरच्या आत चालू झाली की 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरतात, 15 आणि जादा 20 मिळून पूर्ण 35 टक्के म्हणजे 2,10,000 घसारा, कर वाचला 65,520, आणि तो एप्रिल-मेच्या भरलेल्या नफ्यातून वजा होते. नोव्हेंबरपासून नवीन बॉडी तिच्यावरच वाकतील. दसऱ्याला पूजा करूनच बटन दाबू म्हणाल तर यंदा दसरा 20 ऑक्टोबरला आहे, तेव्हा चालू केली की पुन्हा अर्धाच घसारा. पूजा दोनदा करा बाप्पा, पण एक सप्टेंबरात. तोटा एकच आहे आणि तो सांगायला पाहिजे, सप्टेंबरमध्ये विक्री नसल्यानं 1,08,000 चं जीएसटी क्रेडिट पुढच्या मार्चपर्यंत बसून राहील. पैसे तुमचेच असले तर ते परवडते, उधार काढून घेणार असाल तर नाही.

पण सप्टेंबरला पैसे उरले पाहिजेत, आणि तुमच्यासारख्यांचं गणित तिथेच बिघडते. 10 लाख नफ्यावर फर्मचा कर 3,12,000. ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते सीझन बघून ठरलेले नाहीत: 15 जूनपर्यंत 15 टक्के म्हणजे 46,800, 15 सप्टेंबरला आणखी 93,600, 15 डिसेंबरला पुन्हा 93,600, 15 मार्चला उरलेले 78,000. जूनमध्ये गल्ला फुल असते तेव्हा सरकार सगळ्यात कमी मागते, आणि डिसेंबरला, जेव्हा तुम्ही भाडं आणि पगार खिशातून देऊन पत्रा भरून राहिले असता, तेव्हा एकूण 75 टक्के पूर्ण पाहिजे. हप्ता कमी पडला की महिन्याला 1 टक्का व्याज. जीएसटीचं तसंच. तिमाही रिटर्नवाले असाल तर एप्रिल आणि मेसाठी पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत PMT-06 चलन भरता, पण त्यात ठरीव रकमेचा पर्याय घेतला असेल तर ती मागच्या तिमाहीत रोख भरलेल्या कराच्या 35 टक्केच असते. जानेवारी-मार्चची विक्री कमी, म्हणून चलनही छोटं, सुखानं दोन महिने जातात, आणि 22 जुलैला GSTR-3B भरताना सगळी बाकी एकदम उभी राहते, तेव्हा कूलर कोणी विचारून नाही राहिलं. तुम्ही प्रत्यक्ष विक्रीवर मोजून भरायचा पर्याय घ्या.

म्हणून 15 जूनचा हप्ता गेला की त्याच आठवड्यात तीन एफडी करा, 93,600, 93,600 आणि 78,000 च्या, मुदत प्रत्येक हप्त्याच्या चार दिवस आधी संपेल अशी. 22 जुलैचा जीएसटी वेगळ्या खात्यात. हे बाजूला काढून 30 जूनला जे उरेल त्यातून जुलै ते डिसेंबरचं भाडं-पगार वजा करा, तरी 7 लाख राहत असतील तर मशीन तुमची. चार-साडेचार राहत असतील तर उरलेल्यासाठी बँकेचं मशीन लोन बघा, दीड टक्केवाल्याकडे जाऊ नका.

तोवर 31 मार्चला गोडाऊन नीट मोजा, त्या दिवशी वर्षातला सगळ्यात जास्त माल तुमच्याकडे असते. टॅक्स कमी दिसावा म्हणून साठा कमी दाखवायचा मोह होते, पण तो नफा पुढच्या वर्षी उगवतेच, आणि कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये 22 लाख आणि ताळेबंदात 15 लाख दिसले की मॅनेजर पहिला फोन तुम्हालाच करेल. मशीनवाल्याला आत्ता फक्त इतकंच विचारा की हाच भाव ऑगस्टअखेर टोकन दिलं तर राहील का, आणि ऑर्डरपासून मशीन बसवून चालू व्हायला किती दिवस लागतात. तीन आठवडे म्हणाला तर 10 सप्टेंबरच्या पुढे ऑर्डर जाऊ देऊ नका.