चिंतनात ‘मी’चं ‘आपण’ होतं, काळही घसरतो. स्वतःच कसं तपासायचं?

“बी.एड.च्या शाळानुभवाचं चिंतन लिहिताना ‘मी’ने सुरू करते आणि मध्येच ‘आपण’ होतं. काळही बदलतो. स्वतःच तपासायची काही यादी आहे का?”

कोल्हापुरात बी.एड.च्या मुलींची चिंतनं मी वाचते, त्यातला एक उतारा घेऊ:

“सातवीसमोर पहिल्यांदा उभी राहिलो. मुलं गप्प बसतात आणि आपण फळ्याकडे बघत राहतो. वाटलं, तास कधी संपेल. आता कळतं, ती वाट बघत होती.”

आधी काळ. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून शेवटच्या वाक्यापासून वर जात फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. उलट वाचलं की गोष्टीत वाहून जात नाही. प्रत्येक रेघेला विचारा: हे त्या दिवशीचं की आजचं? ‘बसतात’, ‘राहतो’ त्या दिवशीचं असून वर्तमानात आहे, म्हणजे चूक. ‘कळतं’ आजचं आहे आणि आधी ‘आता’ आहे, ते ठेवा. ‘संपेल’लाही हात लावू नका. मनातला विचार मराठीत त्या क्षणी जसा आला तसाच लिहितात, ‘संपेल’चं ‘संपणार होता’ करायची गरज नाही.

मग पुरुष. इथे क्रियापदावर विसंबू नका. ‘फळा पुसला’ यात क्रियापद फळ्यामागे जातं, पुसला कुणी ते कळत नाही. कर्ता नसलेल्या अशा वाक्यात ‘मी’ घालून वाचा. खरं वाटलं तर तिथे ‘मी’ लिहाच. मग Ctrl+F ने ‘आपण’ आणि ‘आपल्या’ शोधा. ‘मी आपल्या वहीत लिहिलं’ हे बरोबर आहे, तिथे ‘आपल्या’ म्हणजे स्वतःच्या. वाचकाला किंवा सगळ्यांना धरून म्हटलेलं ‘आपण’ही चालेल. पण ‘आपण फळ्याकडे बघत राहतो’ इथे बघणारी एकटी तुम्हीच. माझ्या अनुभवात हे ‘आपण’ नेमकं अवघडलेल्या जागी येतं, म्हणून ते सापडलं की वाक्य जपून वाचा, चिंतनाचा गाभा बहुधा तिथेच असतो.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी. कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. ती चूक नाही, बोली आहे. पण ‘उभी राहिलो’ आणि पुढच्या पानावर ‘विचारात पडले’ असं मिसळू नका. कॉलेजला द्यायच्या लेखनात मी ‘राहिले’ ठेवायला सांगते, आणि कुणाचं बोलणं अवतरणात असेल तर तिथे ‘राहिलो’ तसंच राहू द्या.

दुरुस्त उतारा: “सातवीसमोर पहिल्यांदा उभी राहिले. मुलं गप्प बसली आणि मी फळ्याकडे बघत राहिले. वाटलं, तास कधी संपेल. आता कळतं, ती वाट बघत होती.”

‘नव्या बाईंसमोर मुलं गप्पच बसतात’ असं म्हणायचं असेल, तर ‘नव्या बाईंसमोर’ लिहा. मग वर्तमानकाळ योग्य ठरतो.